वर्गणीचा अंदाज: उशिरा भरणारे किती, सोडून गेलेले किती

प्रश्न: मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा कोषाध्यक्ष आहे. वार्षिक वर्गणी ६०० रुपये. २०२४-२५ मध्ये यादीत ४१२ सभासद होते म्हणून अंदाजपत्रकात २,४७,२०० रुपये धरले, जमा झाले २,२८,०००. यंदा यादी ४२४ ची आहे, तरी पैसे कमीच येतील असं वाटतं. काही जण मार्चमध्ये भरतात, काही पुढच्या वर्षी मागची-पुढची एकदम भरतात, काही भरतच नाहीत. २०२६-२७ चा अंदाज फेब्रुवारीत द्यायचा आहे. उशिरा भरणारे आणि सोडून गेलेले कसे धरायचे?

उत्तर:

सर्वांत आधी ते २,२८,००० रुपये फोडून बघा. खतावणीत 'वर्गणी' या एकाच खात्यावर तीन वेगळ्या प्रकारचे पैसे जमा होतात. चालू वर्षाची वर्गणी येते, मागच्या वर्षांची थकबाकी येते आणि त्या वर्षात नव्याने झालेल्या सभासदांची पहिली वर्गणी येते. २,२८,००० म्हणजे ३८० वर्गण्या. समजा त्या अशा निघाल्या: यादीतल्या ४१२ पैकी ३२६ जणांनी त्या वर्षाची वर्गणी त्याच वर्षात भरली, ३० वर्गण्या मागच्या थकबाकीच्या आल्या आणि २४ नवे सभासद झाले. हे आकडे मी रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. तुमचे थोडे पुढेमागे निघतील, पण पुढचा सगळा हिशेब याच आकड्यांवर करून दाखवतो म्हणजे धागा सुटणार नाही.

अशी फोड केली की तुमची तूट १९,२०० रुपयांची नव्हती हे लगेच दिसतं. अंदाज ४१२ जणांचा होता, त्यातले ३२६ आले, म्हणजे ८६ वर्गण्या कमी. ही तूट ५१,६०० रुपयांची आहे. थकबाकी आणि नवे सभासद यांच्या ३२,४०० रुपयांनी ती झाकली गेली. ज्या वर्षी नवे सभासद कमी होतील आणि थकबाकी कमी वसूल होईल त्या वर्षी ती एकदम उघडी पडेल, आणि तेव्हा कार्यकारिणीला वाटेल की यंदाच काहीतरी बिघडलं.

तुमच्या प्रश्नातली खरी अडचण ही आहे की उशिरा भरणारा आणि सोडून गेलेला हे दोघे जानेवारीच्या वहीत अगदी सारखे दिसतात. दोघांच्याही नावापुढे रकाना रिकामा असतो. त्यात ज्या संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदलेल्या आहेत आणि ज्यांना अंदाजपत्रक द्यावं लागतं, त्यांनी ते महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाप्रमाणे वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी द्यायचं असतं. एप्रिल-मार्च वर्ष असेल तर फेब्रुवारीअखेर. म्हणजे जानेवारीअखेरच्या आकड्यांवर, चालू वर्षाचे दोन महिने बाकी असताना, पुढच्या वर्षाबद्दल बोलायचं. म्हणून अंदाज यादीवरून करायचाच नाही. मागच्या वर्षी ३१ जानेवारीला ज्यांचा रकाना रिकामा होता त्यांचं पुढे काय झालं, ते पावतीपुस्तकात लिहिलेलं असतं. अंदाज तिथून काढायचा.

पावतीपुस्तकातून काय काढायचं

गेल्या तीन वर्षांच्या पावत्यांच्या स्थळप्रती घ्या आणि एका शीटमध्ये प्रत्येक वर्गणीची एक ओळ करा. रकाने चारच: सभासद क्रमांक, पावतीची तारीख, वर्गणी कोणत्या वर्षाची, रक्कम. इथे एका गोष्टीला मात्र जपा. बरेचदा पावती अशी असते: तारीख १४ मे, रक्कम १,२००, आणि खाली पेनाने लिहिलेलं 'सन २३-२४ व २४-२५'. ही एक पावती असली तरी वर्गण्या दोन आहेत, म्हणून शीटमध्ये दोन ओळी करायच्या. तारीख दोन्हींना तीच, वर्ष वेगळं. ही एक ओळ राहिली तर तो माणूस एका वर्षी थकबाकीदार दिसतो, दुसऱ्या वर्षी दुप्पट भरणारा दिसतो, आणि दोन्ही चुकीचं.

नंतर तिमाहीगणिक मोजायला एवढं पुरतं (B मध्ये तारीख, C मध्ये वर्गणीचं वर्ष मजकूर म्हणून):

```
=COUNTIFS(C:C,"2024-25",B:B,">="&DATE(2024,4,1),B:B,"<="&DATE(2024,6,30))
```

यात त्या वर्षी नव्याने झालेल्यांच्या ओळीही मोजल्या जातील. त्या वेगळ्या खुणेने बाजूला ठेवा.

समजा २०२४-२५ च्या वर्गण्या अशा आल्या: जूनअखेर २०६, जुलै ते सप्टेंबर ६६, ऑक्टोबर ते डिसेंबर २९, जानेवारीत ९, फेब्रुवारी-मार्चमध्ये १६. हे झाले ३२६. वर्ष संपल्यावर, म्हणजे २०२५-२६ मध्ये, आणखी २५ जणांनी २०२४-२५ ची बाकी भरली. उरलेल्या ६१ जणांनी भरलीच नाही.

आता ३१ जानेवारी २०२५ या तारखेवर उभे राहा. त्या दिवशी ३१० जणांची वर्गणी आलेली होती आणि १०२ रकाने रिकामे होते. त्या १०२ पैकी १६ जणांनी वर्ष संपायच्या आत भरली, २५ जणांनी पुढच्या वर्षी भरली, ६१ गेले. पण हे एवढंच गुणोत्तर घेऊन पुढे गेलात तर चुकाल, कारण त्या १०२ मध्ये दोन जातीची माणसं आहेत. त्यांना एका प्रश्नाने वेगळं करता येतं: यांनी त्याच्या आदल्या वर्षाची वर्गणी भरली होती का?

समजा ६२ जणांनी भरली होती आणि ४० जणांनी नव्हती. पहिल्या ६२ पैकी १४ जणांनी वर्षाच्या आत भरली, २२ जणांनी पुढच्या वर्षी, २६ गेले. दुसऱ्या ४० पैकी दोघांनी वर्षाच्या आत, तिघांनी पुढच्या वर्षी, आणि ३५ गेले. पहिल्या गटातले निम्म्याहून जास्त परत येतात, दुसऱ्यातले आठात एक. मी बरीच वर्षं संस्थांचे हिशेब तपासतो. वय, पत्ता, कार्यक्रमाला हजेरी, सभासदत्वाला किती वर्षं झाली, असं सगळं लावून पाहिलं आहे. 'आदल्या वर्षी भरली होती का' या एका प्रश्नाइतकं काम दुसरं काहीच करत नाही, आणि उत्तर पावतीपुस्तकात तयार असतं.

ते यंदाच्या यादीला लावायचं

यंदाची ४२४ ची यादी कशी बनली ते बघा. त्या ६१ पैकी १२ जणांच्या निधनाची बातमी कळली म्हणून नावं काढली, २४ नवे आले, आणि ४१२ चे ४२४ झाले. म्हणजे न भरणारे ४९ जण अजून यादीत आहेत. वर्गणी देणारे कमी होत असताना यादी वाढताना दिसते ती यामुळे. ज्यांच्यावर खरोखर भरवसा ठेवायचा ते ४२४ वजा ४९, म्हणजे ३७५. त्यातले ३५१ जुने आणि २४ गेल्या वर्षीचे नवे.

समजा ३१ जानेवारी २०२६ ला यातल्या ३०८ जणांची वर्गणी आली आहे. ११६ रकाने रिकामे आहेत. त्यात ६७ जणांनी आदल्या वर्षाची भरली होती, आणि ४९ तेच, ज्यांनी आदल्या वर्षाचीही भरलेली नाही.

६७ ना पहिल्या गटाचं गुणोत्तर लावा. ६२ मध्ये १४, तर ६७ मध्ये १५ जण मार्चअखेर भरतील. ६२ मध्ये २२, तर ६७ मध्ये २४ जण पुढच्या वर्षी भरतील. उरलेले २८ गेले असं धरा. ४९ ना दुसऱ्या गटाचं लावलं तर दोघे मार्चअखेर, चौघे पुढच्या वर्षी, आणि ४३ गेलेले. कोण ते नावानिशी आज सांगता येणार नाही आणि सांगायची गरजही नाही. संख्या पुरते.

यातून दोन आकडे हाती आले. यंदाच्या दोन महिन्यांत अजून १७ वर्गण्या येतील आणि २०२६-२७ मध्ये थकबाकीच्या २८ वर्गण्या येतील. शिवाय भरवशाची नवी यादी तयार झाली: आलेले ३०८, येणारे १७, आणि उशिरा येणारे २८, मिळून ३५३. यंदा झालेले २० नवे सभासद वेगळे ठेवा.

ते वेगळे का, हे नीट सांगतो. पहिल्या वर्षी माणूस कुणाच्या तरी आग्रहाने सभासद होतो. शेजारी घेऊन येतो, सहलीच्या यादीत नाव घालायचं असतं, आरोग्य शिबिर असतं. दुसऱ्या वर्षी तो स्वतःहून ठरवतो. म्हणून पहिल्या नूतनीकरणाची गळती नेहमी मोठी असते. गेल्या वर्षीच्या २४ नव्यांपैकी जानेवारीअखेर १५ आले आहेत, एखादा मार्चपर्यंत येईल, म्हणजे तिघांत दोघे. जुन्या ३५१ मध्ये २९३ आले आहेत, १४ येतील, म्हणजे ३०७. हे ८७ टक्के झाले. दोन्ही एकत्र मिसळले की ज्या वर्षी सभासद नोंदणी मोहीम जोरात होते, त्याच्या पुढच्या वर्षाचा अंदाज हमखास फुगतो.

आता २०२६-२७ ची जमा मांडू.

| कुठून येणार | वर्गण्या | रुपये |
|---|---|---|
| जुने ३५३, त्यांचे ८७ टक्के | ३०७ | १,८४,२०० |
| यंदाचे नवे २०, तिघांत दोघे | १३ | ७,८०० |
| मागील थकबाकी | २८ | १६,८०० |
| पुढच्या वर्षी होणारे नवे सभासद | १५ | ९,००० |
| एकूण | ३६३ | २,१७,८०० |

नवे सभासद १५ धरले कारण दोन वर्षांत २४ वरून २० वर आले आहेत, आणि जे अजून आलेच नाहीत त्यांच्या भरवशावर सभागृहाचं भाडं ठरवू नये. यादी गुणिले ६०० केलं असतं तर ४२४ आणि २० मिळून ४४४ जणांचे २,६६,४०० रुपये झाले असते. जवळजवळ ४९ हजारांचा फरक आहे.

पैसे कधी येतील

वर्षाची बेरीज बरोबर आली तरी सप्टेंबरमध्ये हात आखडू शकतो. १ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाचा कार्यक्रम, मग कोजागिरी, दिवाळी अंक, वर्धापनदिन असा तुमच्याकडे खर्च एकदम येतो. म्हणून थकबाकी आणि पुढच्या वर्षी होणारे नवे सोडून ज्या ३२० वर्गण्या धरल्या (३०७ आणि १३), त्या २०२४-२५ च्या चालीने वाटून ठेवा. त्या वर्षी आलेल्या वर्गण्यांपैकी ६३ टक्के जूनअखेर आल्या होत्या, २० टक्के पुढच्या तिमाहीत, ९ टक्के त्याच्या पुढच्या आणि ८ टक्के शेवटच्या. म्हणजे जूनअखेर २०२ वर्गण्या, सप्टेंबरपर्यंत आणखी ६५, डिसेंबरपर्यंत २८, मार्चपर्यंत २५. सप्टेंबरअखेर हाताशी २६७ वर्गण्यांचे १,६०,२०० रुपये असतील. थकबाकी कधी येईल याचा नेम नसतो, ती बहुतेक चालू वर्गणीबरोबरच येते, म्हणून तिला महिना लावू नका. ऑक्टोबरचे कार्यक्रम या १,६०,२०० मधून आधी झालेला खर्च वजा करून बसतात का, ते पाहा.

आकडे फसवतात ते कुठे

निवडणुकीचं वर्ष पायाला घेऊ नका. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि त्या कामापुरता तो सभासद म्हणून मोजला जात नाही. कार्यकारिणीची निवडणूक चुरशीची असली की उमेदवार थकबाकीदारांना शोधून काढून वर्गणी भरायला लावतात. त्या वर्षी वसुली ९५ टक्के दिसते, थकबाकी साफ होते, आणि पुढच्या वर्षी तीच माणसं पुन्हा गायब होतात. तुमच्या तीन वर्षांत निवडणुकीचं वर्ष असेल तर ते काढून चौथं जुनं वर्ष घ्या.

हिशेबात हरवलेले सभासद हा दुसरा धोका, आणि मोबाइलवरून पैसे यायला लागल्यापासून तो वाढला आहे. वर्गणी सुनेच्या किंवा मुलाच्या खात्यातून येते, बँकेच्या उताऱ्यावर त्यांचं नाव असतं, सभासद क्रमांक कुठेच नसतो. ती रक्कम 'अनोळखी जमा' मध्ये पडून राहते आणि सभासद मात्र न भरलेल्यांत मोजला जातो. एका संस्थेत मी तपासायला बसलो तेव्हा अशा ६०० च्या १९ जमा निघाल्या. त्यातल्या काही आजोबांना दोनदा आठवणीचं पत्र गेलं होतं आणि त्यांनी रागाने येणं बंद केलं होतं. वर्गणी भरूनही पत्र आलेला माणूस पुढच्या वर्षी भरत नाही. म्हणून रिकामे रकाने मोजण्याआधी बँकेच्या उताऱ्यातल्या ६०० आणि १,२०० च्या सगळ्या नोंदी जुळवून संपवा. हे झाल्याशिवाय ६७ आणि ४९ हे आकडे काढूच नका.

पतिपत्नी दोघेही सभासद असतील तर त्या दोन नावांना एक घर समजा. दोघांतलं एक गेलं की दुसऱ्याचंही येणं बरेचदा थांबतं, किंवा ते मुलाकडे पुण्या-मुंबईला जातात. तुमच्याकडे अशी जोडपी बरीच असतील तर गळती दोन-दोनच्या जोडीने होते, आणि एखाद्या वर्षी अंदाजापेक्षा आठ-दहा वर्गण्या कमी येणं हे अगदी साधं आहे.

आजीव सभासदत्वही इथेच लक्षात घ्या. आजीव वर्गणी घटनेप्रमाणे कायम निधीत जात असेल तर ती या जमेत येत नाही, पण भरणारा मात्र वार्षिक वर्गणीदारांतून कायमचा कमी होतो. आणि आजीव होणारे बहुतेक एप्रिलमध्येच भरणारे, सर्वांत भरवशाचे असतात. यंदा दहा जण आजीव झाले तर ३५३ मधून दहा कमी करा.

वर्गणी वाढवायचा विचार असेल तर वाढीव दर फक्त चालू वर्गणीला लावा. थकबाकी जुन्याच दराने येते. आणि वाढीच्या वर्षी ८७ टक्के तसेच राहतील असं गृहीत धरू नका.

आणखी एक, ताळेबंदाबद्दल. तुमचे हिशेब रोखीच्या पद्धतीने असतील तर हा प्रश्न येत नाही. पण 'येणे वर्गणी' दाखवत असाल तर मार्चअखेर उरलेल्या ९९ जणांचे ५९,४०० रुपये येणे म्हणून लिहू नका. वरच्या हिशेबाने मार्चनंतर त्यातले २८ जणच येणार आहेत, म्हणजे १६,८०० रुपये. मी असे ताळेबंद पाहिले आहेत ज्यात येणे वर्गणी वर्षानुवर्षं साचत गेली आणि शेवटी ती निर्लेखित करायचा ठराव सर्वसाधारण सभेत आला तेव्हा सगळा रोष त्या वर्षीच्या कोषाध्यक्षावर आला.

कितपत विश्वास ठेवायचा

४० पैकी ५ हे गुणोत्तर फार थोड्या माणसांवर उभं आहे. त्यातले दोघे कमीजास्त झाले की उत्तर हलतं. म्हणून तीन वर्षांच्या ३१ जानेवारीची माणसं एकत्र करून गुणोत्तर काढा, आणि दशांश चिन्हाच्या मागे जाऊ नका. रीत तुमच्या संघाला लागू पडते का हे तपासायचा चांगला मार्ग असा: २०२३-२४ च्या पावत्यांवरून गुणोत्तर काढा, ३१ जानेवारी २०२५ वर उभे राहून २०२५-२६ ची जमा सांगा आणि जानेवारीअखेरच्या प्रत्यक्ष जमेत अजून येणाऱ्या १७ वर्गण्या मिळवून तिच्याशी ताडून बघा. तीन-चार टक्क्यांच्या आत आलं तर ठीक. दहा टक्के चुकलं तर कोणत्या ओळीत चुकलं ते शोधा. बहुधा नव्या सभासदांच्या किंवा थकबाकीच्या ओळीत सापडेल, जुन्यांच्या ओळीत क्वचितच.

कार्यकारिणीपुढे एकच आकडा ठेवू नका, दोन ठेवा. दुसरा आकडा तीन वर्षांतल्या सर्वांत वाईट गुणोत्तरांचा. समजा जुन्यांचे ८३ टक्के, म्हणजे २९३ वर्गण्या, नव्यांतले निम्मे म्हणजे १०, थकबाकी १८, आणि पुढच्या वर्षी फक्त ८ नवे. हे ३२९ वर्गण्यांचे १,९७,४०० रुपये होतात. सभागृहाचं भाडं, वीज, सेवकाचा पगार, मुखपत्राची छपाई असा न टळणारा खर्च या १,९७,४०० च्या आत बसवा. त्याच्या आणि २,१७,८०० च्या मधले २०,४०० रुपये सहलीला किंवा वर्धापनदिनाला राखून ठेवा, पण सप्टेंबरची मोजणी होईपर्यंत कुणाला शब्द देऊ नका.

ती मोजणी अशी करायची. ३० सप्टेंबरला २६७ वर्गण्या यायला हव्या होत्या आणि समजा २५० आल्या. ह्या १७ जणांना उशीर झाला आहे की ते गेले आहेत, हे आता बऱ्यापैकी कळू शकतं, कारण प्रत्येक माणसाचा स्वतःचा महिना ठरलेला असतो. निवृत्तिवेतन जमा झालं की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरणारे असतात, वार्षिक सभेला आले की भरणारे असतात, मार्चमध्ये आठवण केल्यावर भरणारे असतात. शीटमध्ये प्रत्येक सभासदापुढे मागच्या तीन वर्षांचे महिने लिहा आणि ज्यांचा नेहमीचा महिना उलटून तीन महिने झाले त्यांची नावं वेगळी काढा. दरवर्षी मार्चमध्ये भरणाऱ्याचा रकाना सप्टेंबरमध्ये रिकामा असण्यात काहीच विशेष नाही. पण तीन वर्षं एप्रिलमध्ये भरलेल्या माणसाचा रकाना सप्टेंबरमध्ये रिकामा असेल तर तो आजारी आहे, गाव सोडून गेला आहे किंवा नाराज आहे. अशी नावं पंधरा-वीसच निघतात. त्यांना पत्र पाठवू नका, त्यांच्या घराजवळ राहणाऱ्या सभासदाला जाऊन यायला सांगा. दवाखान्यात असलेल्याची वर्गणी मागू नये, आणि तो बरा होऊन आला की बहुतेक स्वतःच दोन्ही वर्षांची भरतो. त्याला पुढच्या वर्षीच्या थकबाकीत धरा. गाव सोडलेल्याला ३५३ मधून वजा करा. नाराज माणसाची तक्रार काय आहे ते कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत घ्या. या भेटींनंतर वर्षाच्या एकूण जमेचा आकडा नव्याने काढा, आणि तो २,१०,००० च्या वर राहत असेल तर सहलीची बस ठरवायला हरकत नाही.